डबा बोलला, खात्यात काय आलं?

सकाळी सात ते अकरा ही नागपुरात तर्री पोह्यांची वेळ. परातीत वाफाळते पोहे, शेजारच्या पातेल्यात हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा आणि समोर घाईत असलेली गर्दी. प्लेटीला ३० रुपये. या भावामुळेच अशा गाड्यांवर सुट्ट्या पैशांचं रोजचं रडगाणं असतं. शंभराची नोट आली की सत्तर परत द्यायचे आणि पाचशेची आली की शेजारच्या पानठेल्याकडे धावायचं. ‘काकू, स्कॅनर नाही का?’ हा प्रश्न गिऱ्हाइकांकडून किती वेळा आला, याची मोजदाद या काकूंनी कधीच सोडून दिली होती.

या काकू कुणा एका बाईचं चित्र नाही. रस्त्यावर गाडी लावणाऱ्या अनेकींना जे सोसावं लागतं, ते एका जागी दिसावं म्हणून त्यांना इथं उभं केलं आहे. त्यांचे आकडेही उदाहरणादाखल आहेत. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून निघालेला पैसा काकूंच्या पासबुकात ज्या वाटेनं येतो, ती वाट मात्र खरी आहे.

यूपीआय देशात २०१६ साली सुरू झालं. काकूंच्या गाडीवर ते आलं मुलाच्या मोबाइलमधून. मुलानं स्वतःच्या अ‍ॅपमधला क्यूआर छापून आणला, पारदर्शक चिकटपट्टीनं गाडीच्या काचेवर लावला आणि कामावर निघून गेला. पैसे त्याच्या खात्यात जाऊ लागले. गिऱ्हाईक मोबाइल दाखवून ‘झालं काकू’ म्हणायचं आणि काकू मान हलवायच्या. रात्री मुलगा हिशेब सांगायचा आणि त्यातले कधी पेट्रोलचे, कधी रिचार्जचे वजा झालेले असायचे. त्याची नियत वाईट नव्हती, पण घरखर्च आणि धंदा एकाच खात्यात कालवले गेले की हरभरे-तेलाला किती गेले नि सुटले किती, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय पैसा येतो मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा असतो बुटीबोरीला. गाडीवर उभ्या असलेल्या बाईला पैसे आल्याचं कळायचा मार्गच नाही. बँकेच्या मेसेजवर विसंबावं तर तेही कठीण. छोट्या रकमांचे मेसेज काही बँका पाठवतच नाहीत, आणि ३० रुपये ही छोटीच रक्कम.

मग एक दिवस बॅग लटकवलेला एक तरुण गाडीपाशी आला. धंद्याचा क्यूआर आणि बोलणारा डबा देतो म्हणाला. आधार, पॅन, बँकेचं पासबुक पाहिलं, गाडीचा फोटो काढला, काकूंच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकलं. खातं बरोबर आहे का हे तपासायला १ रुपया खात्यात आला. इथं काकूंच्या अकरावीतल्या मुलीनं एक शहाणपणाचं काम केलं. अ‍ॅपमध्ये जोडलेल्या खात्याचे शेवटचे चार आकडे तिनं पासबुकाशी पडताळून पाहिले आणि खात्यावरचं नाव आईचंच आहे ना, तेही वाचलं. एजंट घाईत असतो, एका दिवसात त्याला बऱ्याच गाड्या करायच्या असतात. इथं चुकीचं खातं जोडलं गेलं तर डबा रोज खणखणीत बोलत राहील आणि पैसा भलतीकडे साचत राहील.

दुसऱ्या दिवसापासून गाडीवर आवाज सुरू झाला. ‘तीस रुपये प्राप्त झाले.’ ‘साठ रुपये प्राप्त झाले.’ हात तर्रीच्या डावात गुंतलेले असले तरी कानाला कळायचं. काकू खूश झाल्या. गाडी आवरून त्या दुपारी तडक बँकेत गेल्या, पासबुक भरून घेतलं, आणि त्यात सकाळच्या धंद्याचा एक रुपयाही नव्हता.

‘डबा तर आले म्हणून सांगून राहिला होता, मग इथं का नाही दिसून राहिले?’ त्यांनी खिडकीतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘उद्या या, मावशी.’

त्याचं उत्तर तुटक असलं तरी बरोबर होतं. मुलाच्या क्यूआरवर पैसे आले की ते एकेक करून थेट त्याच्या खात्यात पडत. धंद्याच्या क्यूआरचं गणित बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. गिऱ्हाइकाच्या बँकेतून रक्कम वजा होते ती लगेच, आणि डबा बोलतो तोही लगेच. पैसा मात्र आधी क्यूआर देणाऱ्या कंपनीसाठी बँकेत उघडलेल्या वेगळ्या खात्यात गोळा होतो. दिवसभराच्या सगळ्या रकमांची बेरीज होते, त्यातून जे वजा व्हायचं ते होतं आणि उरलेली रक्कम एकगठ्ठा दुकानदाराच्या खात्यात पाठवली जाते. याला सेटलमेंट म्हणतात. ती बहुधा दुसऱ्या दिवशी होते. काही बँकांचे क्यूआर दर वेळी थेट खात्यात पैसे टाकतात, तर काही कंपन्या त्याच दिवशी किंवा मागाल तेव्हा पैसे देण्याची सोय ठेवतात. आपला क्यूआर कोणत्या जातीचा, हे डबा घेतानाच एजंटला विचारून ठेवावं लागतं.

काकूंचं माहेर काटोलकडचं. घरी दोन म्हशी होत्या, त्यामुळे त्यांना हे चटकन उमगलं ते डेअरीवरून. डेअरीत दूध घातलं की लिटर आणि फॅटची चिठ्ठी त्याच वेळी मिळते, पण पैसे बिलाच्या दिवशी येतात आणि त्यातून पेंडीचे पैसे कापलेले असतात. डब्याचा आवाज ही चिठ्ठी झाली आणि सेटलमेंट हे बिल. चिठ्ठ्यांची बेरीज बिलाशी ताडून पाहायची असते, हे माहेरी त्यांचे वडील करायचेच.

पुढचा आठवडाभर काकूंनी गाडीच्या खणात शाळेची जुनी वही ठेवली. स्कॅन करून नेलेल्या प्रत्येक प्लेटीमागे एक रेघ, पाच रेघांचा एक गठ्ठा. सोमवारी अकरा वाजता रेघा मोजल्या तर शंभर भरल्या. म्हणजे ३,००० रुपये. मंगळवारी दुपारी पासबुकात ओळ उमटली ती २,७६२ रुपयांची.

२३८ रुपये कमी. पोह्यांच्या गाडीवर ही रक्कम म्हणजे जवळजवळ आठ प्लेटी. रागाचा पहिला रोख अर्थातच कंपनीकडे होता. मुलगी म्हणाली, ‘थांब ना आई, आधी अ‍ॅपमध्ये पाहू.’

अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या याद्या असतात आणि बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो. एका यादीत गिऱ्हाइकांनी केलेले व्यवहार दिसतात. कोणी, किती वाजता, किती रुपये दिले आणि व्यवहार पूर्ण झाला, अडकला की फसला. दुसरी यादी सेटलमेंटची. तिथं प्रत्येक दिवसाची एक ओळ असते. ती उघडली की एकूण किती गोळा झाले, काय कापलं, किती पाठवले आणि कोणत्या खात्यात, हे कळतं. त्याखाली एक लांबलचक नंबर असतो, त्याला यूटीआर म्हणतात. तोच नंबर बँकेच्या नोंदीतही सापडतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसणारा बारा आकडी नंबर वेगळा, तो त्याच्या एका व्यवहाराचा. पूर्ण दिवसाचे पैसे शोधताना बँकेत हा गिऱ्हाइकाचा नंबर दाखवून उपयोग नाही, कारण पासबुकात तो नसतोच.

सोमवारच्या व्यवहारांच्या यादीत पूर्ण झालेल्या रकमांची बेरीज होती २,९४०. वहीतल्या ३,००० पेक्षा ६० कमी. खाली सरकल्यावर साडेनऊच्या सुमाराची ६० रुपयांची एक ओळ वेगळ्या रंगात दिसली. तो व्यवहार अडकला होता. काकूंना तेव्हा आठवलं की ऑफिसला जाणारा एक ओळखीचा भाऊ दोन प्लेटी घेऊन गेला होता. त्याच्या मोबाइलवर गोल फिरत होतं. ‘कटले काकू माझे पैसे,’ म्हणाला आणि घाईत निघाला. डबा तेव्हा बोलला नव्हता, पण समोर सात-आठ माणसं उभी असताना न आलेला आवाज कुणाच्या लक्षात राहतो? काकूंनी रेघा ओढल्या होत्या, पैसे मात्र आले नव्हते.

इथं दोघंही खरं बोलत असतात. गिऱ्हाइकाचे पैसे कापले जाऊन दुकानदारापर्यंत पोचले नाहीत, असं कधी कधी होतं. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम सांगतो की दुकानदाराला यूपीआयनं दिलेले पैसे असे अधांतरी राहिले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत गेले पाहिजेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही गिऱ्हाइकाला. काकूंना यातलं काही मिळत नाही. त्यांना ते ६० रुपये मागावेच लागतात. तो भाऊ गुरुवारी परत आला तेव्हा काकूंनी त्याला त्याच्याच खात्याची नोंद पाहायला लावली. पैसे मंगळवारीच परत आलेले होते. त्यानं ओशाळून दोन प्लेटींचे आणि त्या दिवशीच्या एका प्लेटीचे मिळून नव्वद स्कॅन केले.

उलटंही घडतं. गाडीपाशी नेटवर्क गेलं की डबा मुका होतो, पण पैसे आलेले असतात. अशा वेळी गिऱ्हाइकावर संशय घेऊन दुसऱ्यांदा पैसे मागणं म्हणजे नेहमीचं माणूस तोडणं. आवाज आला नाही तर अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी उघडून वरची ओळ पाहायची. गिऱ्हाइकाच्या पडद्यावरची हिरवी खूण हा पुरावा धरायचा नाही, कारण तसा पडदा हुबेहूब दाखवणारी बनावट अ‍ॅप फिरत असतात.

आता २,९४० ते २,७६२ या मधल्या १७८ रुपयांचा शोध. यासाठी मुलीनं दुसरी यादी उघडली. तिथं पहिली वजावट ६० रुपयांची, परतावा म्हणून. कुणीतरी तीन प्लेटींचे ९० टाकले होते, वहीत तीन रेघाही पडल्या होत्या, पण दोन प्लेटी नको म्हटल्यावर मुलीनंच अ‍ॅपमधून त्यांचे ६० परत केले होते. ते दिवसाच्या बेरजेतून वजा झाले, हे ठीकच. काकूंनी त्याला रोख ६० रुपये दिले असते तर सेटलमेंट पूर्ण आली असती आणि खड्डा गल्ल्यात पडला असता. म्हणून रोख परत दिल्यावर वहीत नोंद हवीच, नाहीतर संध्याकाळी नोटा मोजताना तोच घोळ पुन्हा.

दुसरी वजावट ११८ रुपयांची. हे डब्याचं महिन्याचं भाडं. शंभर रुपये भाडं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एजंटनं ‘सगळं फुकट आहे काकू’ असं सांगितलं होतं आणि ते अर्धं खरं होतं. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयच्या पैशावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क लागत नाही. म्हणून दर व्यवहारामागे काकूंचं काही कापलं जात नाही. पण डबा ही भाड्याची वस्तू आहे, त्यात सिमकार्ड आहे, आणि ते भाडं कंपनी सेटलमेंटमधूनच वळतं करते. वेगळं बिल हातात येत नसल्यानं अनेकांना भाड्याचा पत्ताच नसतो. धंदा महिनाभर बंद ठेवायचा असेल तर भाडं चालूच राहतं की थांबवता येतं, हेही विचारून ठेवण्यासारखं.

साठ, साठ आणि एकशे अठरा. २३८ रुपयांचा हिशेब लागला. कुणी काही लुबाडलं नव्हतं. पण न पाहता सोडून दिलं असतं तर ते अडकलेले ६० रुपये कायमचे गेले असते आणि भाडं कापलं गेल्याचं काकूंना कळलंही नसतं.

त्यानंतर काकूंनी रेघांची वही बंद केली. तेवढं लिहीत बसलं तर तर्री लागते. आता त्या दुपारी भांडी घासून झाल्यावर कालच्या दिवसाच्या दोनच गोष्टी पाहतात. अ‍ॅपमधली कालची सेटलमेंटची रक्कम आणि बँकेत पडलेली रक्कम, या दोन्ही रुपयासकट सारख्या असायला हव्यात. सारख्या असल्या की काम संपलं. नसल्या तर सेटलमेंटची ओळ उघडायची. आणि सेटलमेंट आदल्या दिवसापेक्षा फारच कमी दिसली तर व्यवहारांची यादी. एवढ्याला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरतो.

सकाळच्या गाडीला एक फायदा असा की तिचा सगळा धंदा एका तारखेत बसतो. रात्री अंडाभुर्जीची गाडी लावणाऱ्याचं तसं नसतं. त्याची खरी गर्दी अकराला सुरू होते आणि दीडला संपते. कंपनीचा दिवस रात्री बारा वाजता संपत असेल तर त्याची एकाच रात्रीची कमाई दोन सेटलमेंटमध्ये फाटते. तो गल्ला मोजून ‘काल चार हजार झाले’ म्हणतो आणि खात्यात अडीचच दिसतात. अशा माणसानं दिवस कुठे तुटतो ती वेळ आधी माहीत करून घेतली पाहिजे, नाहीतर त्याचा ताळा कधीच जुळणार नाही.

सेटलमेंट मुळीच आली नाही, असंही होतं. खातं बऱ्याच काळात न वापरल्यानं बंद पडलेलं असतं, केवायसीची मुदत संपलेली असते, बँकेची शाखा विलीन होऊन आयएफएससी बदललेला असतो. तेव्हा अ‍ॅपमध्ये ती ओळ थांबलेली किंवा फसलेली दिसते, डबा मात्र नेहमीसारखा बोलत राहतो. पंधरा दिवसांनी पासबुक भरणाऱ्याला हे पंधरा दिवसांनीच कळणार. आणखी एक गोष्ट रोजच्या पाहण्यातूनच पकडता येते, ती म्हणजे कर्जाचा हप्ता. रोजचा धंदा पाहून अशी अ‍ॅप दुकानदाराला कर्ज देऊ करतात आणि हप्ता रोज सेटलमेंटमधून कापतात. दिवसाला थोडे थोडे जातात म्हणून टोचत नाहीत. पण पावसाच्या दिवशी धंदा निम्म्यावर आला तरी हप्ता तेवढाच राहतो, आणि हातात काय उरतं ते फक्त सेटलमेंटच्या ओळीत दिसतं.

चोरीचा प्रकार मात्र यादीत वेगळ्या तऱ्हेनं दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला रात्रीतून काही दुकानांबाहेरचे क्यूआर बदलले गेले. चोरांनी आपले कागद वर चिकटवले आणि दिवसभराचे पैसे भलत्याच खात्यात जाऊ लागले. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर वेगळंच नाव दिसलं, तेव्हा हे फुटलं. अशा वेळी सेटलमेंट आणि बँक यांचा ताळा अगदी बरोबर जुळतो, कारण पैसा तुमच्या वाटेवर आलेलाच नसतो. व्यवहारांची यादीच ओस पडते. गर्दी आहे, प्लेटी जातायत आणि डबा गप्प, म्हणजे आधी स्टिकर पाहायचा. काकूंनी यावर साधा उपाय केला. रात्री गाडी जिथं झाकून ठेवतात तिथं क्यूआर ठेवत नाहीत, तो घरी नेतात. आणि सकाळी भवानीच्या गिऱ्हाइकाला विचारतात, ‘भाऊ, नाव कोणाचं येऊन राहिलं?’

एवढं सगळं रुळलं तोवर जुलै २०२५ उजाडला आणि बेंगळुरूच्या बातम्या आल्या. यूपीआयवरच्या जमेच्या आधारे तिथल्या कर विभागानं छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि काहींनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. नागपुरातल्या गाड्यांवरही कुजबुज झाली. काकूंनी मुलीला हिशेब करायला बसवलं. क्यूआरच्या शंभर प्लेटी आणि रोखीच्या साधारण पन्नास, म्हणजे दिवसाला ४,५०० रुपये. वर्षात तीनशे दिवस गाडी लागली तर साडेतेरा लाख. अशा खाद्यसेवेला जीएसटीची नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की. उलाढालीत रोखही धरली जाते, त्यामुळे पाटी लावून मर्यादा चुकवता येत नाही, आणि मर्यादेच्या आत असलेल्याला पाटीची गरज नाही.

पण त्या हिशेबात एक आकडा खटकला. दिवाळीच्या सुमाराला एका दिवसाची सेटलमेंट एकदम १५,००० रुपयांच्या पुढे होती. तेवढे पोहे त्या दिवशी परातीत मावलेच नसते. व्यवहार उघडून पाहिल्यावर कळलं की काटोलच्या भावानं हातउसने दिलेले १२,००० रुपये गाडीवरच्याच क्यूआरवर टाकले होते. कागदावर तो ४०० प्लेटींचा धंदा दिसत होता. काकूंनी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला, खाते नंबर आणि आयएफएससी लिहून घ्यायला लावला आणि पुढचे पैसे त्यावरच पाठवायला सांगितलं. मुलीनं त्या तारखेसमोर वहीत लिहिलं, ‘मामाचे. धंद्याचे नाहीत.’